फी माफीचं पत्र ही भीक नाही

गेल्या महिन्यात चिंचवडला एका छोट्या सभागृहात लघुपट दाखवून झाले आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. थेरगावची एक मुलगी उभी राहिली. जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडील चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. तिने साधा प्रश्न विचारला: परदेशातल्या महोत्सवांना लघुपट पाठवायचा आहे, प्रवेश फी भरायला पैसे नाहीत, माफीसाठी पत्र कसं लिहावं? मंचावरचे ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "बाळ, असली पत्रं लिहू नकोस. ती भीक असते. कामात दम असेल तर पैसे कुठूनही उभे राहतात." सभागृहात टाळ्या पडल्या आणि मुलगी खाली बसली.

त्या टाळ्या अजून माझ्या कानातून जात नाहीत. मी पंधरा वर्षं डांगे चौकाजवळ एडिटिंगचं काम करतो. लग्नाची शूटिंगं, कंपन्यांच्या सुरक्षा सप्ताहाच्या फिती आणि अधूनमधून पोरांचे लघुपट. ज्येष्ठ बोलले ते त्यांचं एकट्याचं मत असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हे मत मी फिल्म क्लबात ऐकलंय, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकलंय, नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांकडूनही ऐकलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चित्रपट करायला पैसे होते तर फी भरायलाही असायला हवेत. फी असते म्हणून ऐरेगैरे बाजूला राहतात. महोत्सव त्या फीवर चालतात, माफी मागणं म्हणजे त्यांच्या ताटातला घास काढणं. आणि हे सगळं पटलं नाही तरी स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?

मला यातलं एकही पटत नाही. का पटत नाही ते त्याच मुलीच्या लघुपटावरून सांगतो, कारण त्याचं शेवटचं एडिटिंग माझ्याकडेच झालं.

लघुपट चौदा मिनिटांचा आहे. रात्रपाळीला जाणारा बाप डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघतो आणि दहावीतली मुलगी त्याला विसरलेला डबा द्यायला येते. बस उशिरा येते. तेवढ्या वेळात दोघं जे बोलतात आणि जे बोलायचं टाळतात, तेवढाच लघुपट. कॅमेरा तिच्या मामाचा, जो लग्नाची शूटिंगं करतो. बाप झालेला माणूस खरोखरच रात्रपाळीचा ऑपरेटर आहे, त्याने दोन सुट्ट्या दिल्या. पैसे कशावर गेले? तीन रात्री आवाजाचा रेकॉर्डर भाड्याने घेतला, त्याचे ४,५०० रुपये. सगळ्यांचं जेवण-चहा ३,२००. पेट्रोल १,१००. हार्ड डिस्क ४,८००. एकूण १३,६००. इंग्रजी सबटायटल्स तिने स्वतः केली, माझ्या खुर्चीत बसून, चार संध्याकाळी.

आता तिची यादी बघा. बारा महोत्सव, विद्यार्थी विभागाची फी सरासरी ३० डॉलर. म्हणजे ३६० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३०,६०० रुपये. त्यावर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. हिशोब ३१,८०० च्या पुढे जातो. लघुपट बनवायला लागले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे तो नुसता दाखवून बघायला. निवड झाली नाही तर ही फी परत मिळत नाही. मुदतीच्या शेवटच्या टप्प्यात पाठवला तर फी आणखी चढते, कारण अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट अशा पायऱ्यांनी ती वाढत जाते.

'चित्रपटाला होते तर फीलाही असतील' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. मामाचा कॅमेरा उसना मिळतो. शेजारच्या काकूंची खोली मिळते, मित्राची दुचाकी मिळते, नटाच्या दोन सुट्ट्या मिळतात. आपल्याकडे बिनपैशाचा लघुपट उभा राहतो तो असाच, माणसांच्या जिवावर. फी मात्र उसनी वस्तू देऊन भरता येत नाही. ती रोख लागते, डॉलरमध्ये लागते आणि परदेशी व्यवहार चालणाऱ्या कार्डावर लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड आधी फक्त देशात चालतं. परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. या मुलीचं विद्यार्थी खात्याचं रुपे कार्ड प्रवेशिका भरायच्या संकेतस्थळाने घेतलंच नाही. यूपीआयवर अख्खं थेरगाव चालतं, पण ते तिथे चालत नव्हतं. घरात दुसरं कार्ड नाही. ज्यांच्या घरात क्रेडिट कार्ड पडून असतं, त्यांना ही अडचण सांगूनही पटत नाही.

दुसरा मुद्दा चाळणीचा. फीमुळे ऐरेगैरे बाहेर राहतात म्हणे. फी नेमकं काय गाळते? ३० डॉलर भरताना कोणी पटकथा तपासतं का, आवाज ऐकतं का? फीची चाळणी फक्त खिसा गाळते. ज्याच्या वडिलांना ३० डॉलर म्हणजे एका जेवणाचं बिल वाटतं, त्याचा कितीही कच्चा लघुपट त्या चाळणीतून खाली उतरतो. फी माफ झालेल्या चित्रपटाकडे लक्ष देत नाहीत, असंही सांगितलं जातं. पण मोठ्या महोत्सवांत आलेले चित्रपट पहिल्या फेरीत बघायला माणसं नेमलेली असतात, त्यांना चित्रपट वाटून दिले जातात. त्यांच्यापुढे चित्रपट असतो, फीची पावती नसते.

आणि फी सगळेच भरतात हा समजही खरा नाही. महोत्सवाचे प्रोग्रामर दुसऱ्या महोत्सवांत चित्रपट बघतात, आवडला तर स्वतःहून बोलावतात. वितरक, सेल्स एजंट, नावाजलेल्या फिल्म स्कूल आपल्या यादीतले चित्रपट पाठवतात आणि बऱ्याचदा तिथे फीचा विषयच निघत नाही. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. पुण्यात लॉ कॉलेज रोडला, प्रभातच्या जुन्या आवारात १९६० पासून एफटीआयआय आहे. तिथल्या विद्यार्थ्याच्या फिल्मची निर्माती संस्था असते, ती महोत्सवांकडे पाठवायला संस्था पाठीशी असते. २०२० साली अश्मिता गुहा नियोगीच्या 'कॅटडॉग'ला आणि २०२४ साली चिदानंद नाईकच्या 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो'ला कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या मुलांनी ते कमावलं. पण त्याच एफटीआयआयपासून बसने तासाभरावर असलेल्या थेरगावच्या मुलीच्या पाठीशी कोण आहे? तिच्या कॉलेजात जनसंवादाचा विभाग आहे, दोन कॅमेरे आहेत, महोत्सवांचं काम बघणारं टेबल नाही. दोन्हीकडे विद्यार्थीच, पण एकीकडे संस्था बोलते. दुसरीकडे मुलीला स्वतः बोलावं लागतं. तिचं बोलणं म्हणजे ते पत्र.

नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' हाही मोठ्या फिल्म स्कूलमधला नव्हता. अहमदनगरला शिकत असताना केलेला लघुपट, आणि २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. असं काम नगरला होतं तसं थेरगावलाही होऊ शकतं. ते बघणाऱ्यापर्यंत पोचण्याचा रस्ता मात्र पैशाच्या दारातून जातो, आणि ते दार ठोठावायला आपण पोरांना मना करतोय.

महोत्सवांच्या पोटाचा मुद्दा मी नाकारत नाही. थिएटरचं भाडं, प्रोजेक्शन, पाहुण्यांची सोय, कर्मचारी, खर्च खरा आहे. पण एका माफीने महोत्सवावर नेमका कोणता बोजा पडतो? चौदा मिनिटांचा लघुपट दोन माणसांनी बघितला तर अठ्ठावीस मिनिटं. महोत्सवाचा खरा खर्च हा बघण्याचा वेळ आहे. जी मुलगी ३० डॉलर भरूच शकत नाही, तिला नकार दिला म्हणून ते ३० डॉलर महोत्सवाकडे येत नाहीत, तिचा लघुपट फक्त येत नाही. म्हणून पत्र लिहिणाऱ्याने काळजी करायची ती वेळाची. समोरच्याचा वेळ खाऊ नये, हीच त्या पत्राची सभ्यता.

आणि ती शिकवता येते. मी तिला शिकवली.

आधी महोत्सवाची नियमावली शेवटपर्यंत वाचायची. कित्येक महोत्सव स्पष्ट लिहितात की माफी दिली जाणार नाही. तिथे लिहायचं नाही. यादीतले तीन आम्ही असेच काढले. काही महोत्सव उलट लिहितात की अडचण असेल तर संपर्क करा, तिथे संकोच कशाला? पत्र लवकर पाठवायचं, प्रवेशिका उघडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. शेवटच्या मुदतीच्या आदल्या रात्री आलेलं पत्र उघडायलाही तिथे कोणाला सवड नसते, आणि देण्यासारख्या माफ्या तोवर देऊनही झालेल्या असतात. पत्र प्रवेशिकांसाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवायचं, संचालकाच्या खासगी खात्यावर नाही. आणि पत्र जाण्याआधी चित्रपटाचं पान पूर्ण भरलेलं हवं, कारण होकार आला तर बहुधा कोड येतो. फिल्मफ्रीवेसारख्या ठिकाणी पैसे भरण्याच्या पायरीवर तो कोड टाकायचा असतो, रक्कम शून्य झाली की मगच पुढे जायचं. कोड बऱ्याचदा एकदाच चालतो आणि त्याला तारीख असते. सबटायटल्स बाकी आहेत म्हणून आठवडा घालवला आणि कोड मेला, हे मी दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत बघितलंय. परत मागायला त्याची जीभ रेटली नाही.

पत्रात काय लिहावं यावर मात्र माझं भांडण ज्येष्ठांशी जितकं, तितकंच हितचिंतकांशी आहे. ते म्हणतात, गरिबी लिही, वडिलांची कंत्राटी नोकरी लिही, समोरच्याचं मन पाघळलं पाहिजे. तिने पहिलं पत्र तसंच लिहून आणलं होतं. एक पान भरून. वडिलांचा अपघात, भाड्याची खोली, लहानपणापासून सिनेमाची ओढ, 'तुमच्या महोत्सवात निवड झाली तर माझं आयुष्य बदलेल'. लघुपट किती मिनिटांचा आहे हे सोळाव्या ओळीत. लिंक नाही. आणि हेच पत्र बारा जणांना एकाच मेलमधून, सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असं पाठवायचा तिचा विचार होता.

मी तिला विचारलं, तू प्रोग्रामर असतीस तर या पत्रातून तुला काय कळलं असतं? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी गरीब आहे, एवढंच."

वडिलांच्या नोकरीवर लघुपट करणं वेगळं आणि ती नोकरी फीच्या बदल्यात मांडणं वेगळं. पहिलं तिने चौदा मिनिटांत नेमकं केलंय. दुसऱ्याची गरजच नव्हती. आम्ही ते पत्र बाजूला ठेवून नवं लिहिलं. गेलं इंग्रजीत, इथे मराठीत देतो:

"नमस्कार. मी पुण्याजवळच्या थेरगाव इथे राहते आणि जनसंवादाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा १४ मिनिटांचा मराठी लघुपट मला तुमच्या विद्यार्थी विभागासाठी पाठवायचा आहे. रात्रपाळीची बस उशिरा येते, तेवढ्या वेळात बाप आणि मुलीत होणारं बोलणं हा त्याचा विषय. इंग्रजी सबटायटल्स आहेत. लघुपट अजून कुठेही दाखवलेला नाही, इंटरनेटवरही नाही. गेल्या वर्षी तुम्ही कामगार वस्त्यांवरच्या लघुपटांचा वेगळा कार्यक्रम केला होता, म्हणून तुमच्याकडे लिहिते आहे. लघुपट १३,६०० रुपयांत, कोणत्याही संस्थेच्या मदतीशिवाय केला आहे. कॉलेजकडून प्रवेश फीची तरतूद नाही. फी पूर्ण माफ करता येईल का, किंवा काही सवलत मिळेल का? विद्यार्थी असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. लिंक आणि पासवर्ड खाली आहे. शक्य नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल. आभार."

एवढंच. प्रत्येक महोत्सवाला वेगळं, 'म्हणून तुमच्याकडे लिहिते आहे' ही ओळ प्रत्येक ठिकाणी त्या महोत्सवाचा मागच्या वर्षीचा कार्यक्रम बघून लिहिलेली. ती ओळ लिहायला तिला दर महोत्सवामागे तासभर लागला. जिथे ती ओळ सुचलीच नाही, तिथे आम्ही थांबलो. तो महोत्सव तिच्या लघुपटाचा नव्हताच. असे दोन गळले. 'अजून कुठेही दाखवलेला नाही' हे लिहिणंही गरजेचं, कारण काही महोत्सव पहिलं प्रदर्शन आपल्याकडेच हवं म्हणतात. यूट्यूबवर टाकून मोकळी होणारी पोरं हे दार स्वतःच लावून घेतात, आणि तेव्हा त्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

एक सावधगिरीही सांगतो, कारण यात पोरं फसतात. न मागता सवलत आली तर थांबायचं. 'तुमचा चित्रपट आम्हाला आवडला, ५० टक्के सूट' असा मेल येतो, अजून लिंकही कोणी उघडलेली नसते. हे महोत्सव दर महिन्याला भरतात, विभाग ढिगाने, विजेत्यांची यादी संपता संपत नाही, पण चित्रपट कुठल्या थिएटरात, कुठल्या तारखेला, किती वाजता दाखवले ते कुठेच सापडत नाही. जिंकल्यावर ट्रॉफीचे आणि प्रमाणपत्राचे पैसे वेगळे मागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असे सात पुरस्कार विकत घेतले, त्यातला एकही कुणाला दाखवता आला नाही. मागच्या वर्षीचं वेळापत्रक आणि थिएटरचं नाव शोधायचं. ते मिळालं नाही तर माफी मिळाली तरी जायचं नाही.

आता स्वाभिमानाचं. थेरगावची शेकडो पोरं एसटीचा आणि पीएमपीचा सवलतीचा पास काढून कॉलेजला जातात. तिथे अर्ज भरावा लागतो, कॉलेजचा शिक्का घ्यावा लागतो, रांगेत उभं राहावं लागतं. त्याला कोणी भीक म्हणतं का? पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पिफमध्ये, विद्यार्थ्यांना नोंदणीच्या शुल्कात सवलत मिळालेली आहे. ज्येष्ठ नागरिकांनाही मिळालेली आहे, आणि त्या दिवशीच्या ज्येष्ठांनीही ती घेतली असणार, घ्यावीच. मग सिनेमा बघायला सवलत मागितली तर तो हक्क आणि सिनेमा दाखवायला मागितली तर ती भीक, हा फरक कुठून आला? बघणाऱ्या विद्यार्थ्याला आपण आत बोलावतो आणि करणाऱ्या विद्यार्थ्याला दारातच लाज शिकवतो. ही लाज सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कार्ड असलेल्या घरातल्या मुलाला ती कधी शिकावीच लागत नाही. म्हणजे स्वाभिमानाचा हा धडा फक्त कंत्राटी कामगाराच्या मुलीसाठी आहे, आणि त्यासाठी टाळ्या वाजवणारे हात आपलेच आहेत.

बारापैकी तीन नियमावलीत गळले, दोन त्या एका ओळीत. सात पत्रं गेली. दोन महोत्सवांनी पूर्ण माफीचा कोड पाठवला, एकाने निम्मी सवलत दिली, एकाने दोन ओळींत नम्रपणे नाही म्हटलं, तिघांनी उत्तर दिलं नाही. निम्म्या सवलतीचे पैसे तिने मामाच्या मित्राच्या कार्डावरून भरले आणि त्याला रोख दिले. नकार देणाऱ्याने शेवटी लिहिलं होतं की पुढचा लघुपट केलास तर नक्की कळव. निवड होईल की नाही हे डिसेंबरपर्यंत कळणार नाही, आणि न झाली तरी माझं म्हणणं बदलणार नाही, कारण माफी ही निवडीची हमी म्हणून कधीच मागितलेली नव्हती. लघुपट बघितला जावा एवढंच मागितलं होतं, आणि तीन ठिकाणी तो आता बघितला जाणार आहे. टाळ्यांचं ऐकलं असतं तर एकाही ठिकाणी गेला नसता.

ते पत्र मी वर पूर्ण दिलंय. ज्यांना ती भीक वाटते त्यांनी ते पुन्हा वाचावं आणि कुठल्या ओळीत हात पसरलाय ते बोट ठेवून दाखवावं. दाखवता येत नसेल तर पुढच्या कार्यक्रमात एखादी मुलगी हाच प्रश्न घेऊन उभी राहील तेव्हा तिला खाली बसवू नये. तिला विचारावं, लघुपट किती मिनिटांचा आहे, सबटायटल्स झाली का, प्रवेशिका कधी उघडतात.